पाचशे शब्दांत आयसीयू

‘लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड होती.’ परदेशात पीजीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्यातले बरेचसे या ओळीने किंवा तिच्या एखाद्या सख्ख्या बहिणीने सुरू होतात. दुसऱ्या परिच्छेदात फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन येते. तिसऱ्यात विद्यापीठ जगात किती नावाजलेलं आहे ते विद्यापीठालाच सांगितलेलं असतं. यातलं काहीही खोटं नसतं. अडचण एवढीच की हे वाचून निवड करता येत नाही, कारण शेजारच्या अर्जातही तेच असतं.

हा कागद म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. आपण कुठे आणि किती वर्षं काम केलं ते बायोडेटा सांगतो, गुण गुणपत्रिकेत असतात, वागणूक इन्चार्जच्या शिफारसपत्रात असते. पेशंटच्या पलंगाशी उभी असताना ही व्यक्ती विचार कसा करते, हे मात्र यातल्या कशातूनच कळत नाही. स्टेटमेंट मागतात ते त्यासाठी. ते वाचणारी व्यक्ती बहुधा स्वतः आयसीयूत नाइट काढून आता शिकवायला लागलेली असते. तिला ‘सेवाभाव’ हा शब्द वाचून काही कळत नाही. मॉनिटरवरचा आकडा घसरला तेव्हा तुमची नजर आधी कुठे गेली, हे वाचून पुष्कळ कळतं.

इंटरनेटवर ब्रिटनच्या स्टेटमेंटबद्दल सल्ल्यांचा ढीग आहे. त्यातला बराचसा बारावीनंतर यूकॅस या केंद्रीय संस्थेमार्फत पदवीला अर्ज करणाऱ्या मुलांसाठी आहे. तिथे ४००० अक्षरांची मर्यादा असते, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. नोकरी करणाऱ्या नर्सला यातलं फारसं लागू नाही. पदव्युत्तर अर्ज बहुतेक वेळा थेट विद्यापीठाकडे जातो आणि शब्दमर्यादा त्या-त्या विद्यापीठाच्या फॉर्मवर असते, साधारण ५०० ते १००० शब्द. अठरा वर्षांच्या मुलाला स्वप्नांवर बोलावं लागतं, कारण त्याच्याकडे दुसरं फार काही नसतं. आयसीयूत काम केलेल्या बाईने स्वप्नांवर बोलणं म्हणजे हातचं सोडणं आहे.

लिहायला बसण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. तिच्यात अनेकांचे पैसे आणि महिने वाया जातात. ब्रिटनमधले क्रिटिकल केअर नर्सिंगचे बरेच अभ्यासक्रम वर्गात बसून पुरे होत नाहीत. विद्यार्थिनी तिथल्याच एखाद्या आयसीयूत नोकरीला असावी लागते, कारण अर्धी परीक्षा पलंगाशी होते. तिथे प्रौढांच्या क्रिटिकल केअरसाठी नर्सची कौशल्यं पायऱ्यांत मांडलेली आहेत. पहिली पायरी युनिटमध्ये रुजू झाल्यावर सुरू होते, पुढच्या दोन अभ्यासक्रमाच्या जोडीने पुऱ्या करायच्या असतात. प्रत्येक कौशल्य युनिटमधल्या अनुभवी नर्ससमोर करून दाखवायचं आणि तिची सही घ्यायची. त्यामुळे सांगलीत बसून थेट अशा कोर्सला अर्ज करता येत नाही. आधी इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी, त्यासाठी ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, मग नोकरी, आणि त्यानंतर हा अर्ज, असा क्रम लागतो. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच ग्रॅज्युएट सर्टिफिकेट अभ्यासक्रमांचीही अशीच अट असते. एजंट सहसा हे सांगत नाही. तो सर्वसाधारण नर्सिंगच्या एखाद्या एमएस्सीला प्रवेश मिळवून देतो, आणि त्यात व्हेंटिलेटरचं दर्शनही होत नाही.

याची एक चांगली बाजूही आहे. ब्रिटनच्या आयसीयू सेवांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक युनिटमधल्या किमान निम्म्या नोंदणीकृत नर्सेसकडे क्रिटिकल केअरचं पुढचं शिक्षण असायला हवं. म्हणजे आपल्या माणसांना कोर्सला पाठवणं ही युनिटचीही गरज असते, आणि फी अनेकदा तेच भरतं. पण जागा मोजक्या असतात. म्हणून स्टेटमेंट आधी युनिटची मॅनेजर वाचते आणि मग विद्यापीठ. मॅनेजरच्या मनात एक रोखठोक प्रश्न असतो. बारा-साडेबारा तासांच्या ड्यूट्या सांभाळून ही मुलगी निबंध लिहील, सह्या गोळा करील आणि कोर्स पुरा करील का?

आता उदाहरण म्हणून एक सिस्टर घेऊ. ती खरी व्यक्ती नाही, अनेकींच्या मसुद्यांतून उभी केलेली आहे. सांगलीकडची, बीएस्सी नर्सिंग झालेली. चार वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ होती. आता इंग्लंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत बँड ५ वर आहे आणि पहिली पायरी पुरी झाली आहे. पदव्युत्तर सर्टिफिकेटसाठी, म्हणजे एमएस्सीच्या १८० क्रेडिटपैकी पहिल्या ६० क्रेडिटसाठी, तिला अर्ज करायचा आहे.

तिच्या पहिल्या मसुद्यात एक परिच्छेद असा होता. मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते: ‘मी व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, इनोट्रोप, आर्टिरियल लाइन, सेंट्रल लाइन, डायलिसिस, ट्रॅकिऑस्टॉमी अशा सर्व गोष्टी कौशल्याने हाताळते. मी मेहनती आहे, दबावाखाली शांत राहते आणि टीममध्ये उत्तम काम करते.’ वाचणाऱ्याला यातून काय कळलं? ती आयसीयूत काम करते, एवढंच. ते बायोडेटात आलेलंच होतं. पाचशे शब्दांतले चाळीसेक शब्द खर्च झाले आणि हाती काही लागलं नाही.

अशा वेळी मी विचारते, या यादीतल्या कोणत्या गोष्टीने तुला कधी त्रास दिला? कौतुक कुठे झालं ते मला नको असतं. घरी गेल्यावरही डोक्यात काय राहिलं, ते हवं असतं. या सिस्टरचं उत्तर होतं, नॉरअॅडची सिरिंज बदलणं.

वाचकांसाठी थोडं थांबून सांगते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी कोसळतं. नॉरअॅड्रेनलिन त्या वाहिन्या आवळून धरतं. ते सेंट्रल लाइनमधून, सिरिंज पंपावर, सतत चालू ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये नेहमी दिसणारं एक मिश्रण म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम. तासाला १० मिलिलिटरने चालवलं तर सिरिंज पाच तासांत संपते, म्हणजे एका ड्यूटीत दोन-तीनदा बदलावी लागते. औषधाचा असर मात्र दोनेक मिनिटांतच ओसरतो. त्यामुळे जुनी सिरिंज काढून नवी लावण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पेशंटचं बीपी खाली येतं. सेप्सिसमध्ये मीन प्रेशर ६५ च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो.

आतड्याला छिद्र पडून ऑपरेशन झालेला तिचा एक पेशंट होता. सिरिंज बदलताना मीन ७० वरून ४८ वर गेला. पंप चालू होता, दर बरोबर होता, नळी कुठे दुमडलेली नव्हती. तरी आकडा वर येईना. दर वाढवला, आणि काही मिनिटांनी मीन एकदम १०५ वर उडाला. मग दर पुन्हा खाली आणला. वीसेक मिनिटांत सगळं स्थिरावलं. पेशंटला काही झालं नाही, नोंदवहीतही चार आकड्यांपलीकडे काही उरलं नाही. तिला मात्र प्रश्न पडला की पंप चालू असताना औषध गेलं कुठे?

उत्तर यंत्रात आहे. नवी सिरिंज पंपात बसवली की दट्ट्या आणि त्याला ढकलणारा पंपाचा भाग यांत बारीकशी फट राहते. रबराचा दट्ट्या थोडा दबतो, नळी थोडी ताणते. तासाला १० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला चार-पाच थेंबांहून जास्त नव्हे, इतक्या कमी वेगात ही फट भरून निघायलाच काही मिनिटं जातात. पडद्यावर औषध चालू असल्याचं दिसतं आणि नळीच्या टोकाला काही येत नसतं. म्हणून चांगल्या युनिटमध्ये जुनी सिरिंज संपायच्या आधीच नवी दुसऱ्या पंपात बसवून चालू करतात. टोकाला थेंब दिसू लागले की ती जोडतात, बीपीवर तिचा असर दिसला की जुनी हळूहळू कमी करून बंद करतात. त्या वेळी पंप वर-खाली हलवायचा नाही, कारण उंची बदलली तरी औषधाचा एक झोत आत जाऊ शकतो. आणि त्याच लाइनला फ्लश तर कदापि द्यायचा नाही.

या सिस्टरने हे युनिटमधल्या सीनिअरकडून समजून घेतलं, पंपाचं माहितीपुस्तक वाचलं, आणि एक साधी गोष्ट सुरू केली. हँडओव्हर देताना सिरिंज किती वाजता संपेल ते ती सांगू लागली, म्हणजे बदल हँडओव्हरच्या किंवा पेशंटला कुशीवर वळवण्याच्या वेळेवर येऊ नये. पुढच्या मसुद्यात हा प्रसंग साधारण दीडशे शब्दांत आला. त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं: ‘यानंतर मला असे उतार कमी दिसले, पण मी त्यांची पद्धतशीर नोंद ठेवली नाही, हा बदलाचा परिणाम होता की योगायोग, हे मी सांगू शकत नाही, आणि ते कसं मोजायचं हे मला शिकायचं आहे.’

पहिल्या वाचनात तिला हे वाक्य काढून टाकावंसं वाटलं होतं. आपल्याकडे मुलाखतीला ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं, असं आपण शिकलो आहोत. पण इथे अर्ज शिकण्यासाठी आहे. ज्याला सगळं येतं त्याला कोर्समध्ये घ्यायचं कशाला? शिवाय या एका वाक्याने ‘हाच कोर्स का’ या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. अशा अभ्यासक्रमात औषधशास्त्र असतं, रक्ताभिसरणाचं शरीरक्रियाशास्त्र असतं, आणि बहुतेक ठिकाणी पुरावे तपासून सेवेत सुधारणा कशी करायची याचा भाग असतो. तिला विद्यापीठाच्या कीर्तीवर एक शब्दही लिहावा लागला नाही. अभ्यासक्रमाच्या पानावर जाऊन नेमका कोणता भाग आपल्या प्रश्नाला लागतो, ते पाहून तिने त्याचं नाव लिहिलं.

(नाइटिंगेलबाईंना यायचंच असेल तर त्यांनी दिवा घरी ठेवून यावं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारला दाखवलं. त्यांनी मृत्यू मोजले होते. सिरिंज बदलताना बीपी किती उतरतं ते मोजायला निघालेली सिस्टर त्यांच्या घराण्यातली, पण त्यासाठी त्यांचं नाव घ्यायची गरज नाही.)

आता ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची गंमत. आपल्या मसुद्यांत ‘आम्ही’ फार. आम्ही रुग्णाला वाचवलं, आम्ही व्हेंटिलेटर काढला. हा विनय खरा असतो, पण त्यातून तुमचा वाटा दिसत नाही. कुणीतरी हे सांगितलं की लंबक दुसऱ्या टोकाला जातो: ‘मी रुग्णाला इंट्युबेट केलं’, ‘मी व्हेंटिलेटरचं सेटिंग ठरवलं’. हे जास्त धोक्याचं आहे. वाचणारी बाई लगेच थबकते, कारण बहुतेक युनिटमध्ये नर्स हे स्वतःच्या अधिकारात करत नाही. मग एक तर अर्जदार फुगवून सांगते आहे, नाही तर आपल्या अधिकाराची हद्द तिला ठाऊक नाही. आयसीयूत दुसरी शक्यता पहिलीपेक्षाही वाईट. बरोबर लिहायचं तर असं: ‘मीन ५५ च्या खाली गेल्यावर मी लिहून दिलेल्या मर्यादेत दर वाढवला, डॉक्टरांना बोलावलं, आणि ते येईपर्यंत नळी, लाइन आणि ट्रान्सड्यूसरची पातळी तपासली.’ कोणाच्या सूचनेवर, कुठल्या मर्यादेत, आणि त्यात मी काय पाहिलं, हे सगळं त्यात आलं.

सांगलीतल्या चार वर्षांचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. इकडून गेलेल्या मुली ती वर्षं एका ओळीत उरकतात, जणू तो अनुभव तिकडे चालणारच नाही. ब्रिटनच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स हा दंडक. आपल्याकडे एकीकडे दोन-तीन पेशंट असणं ही अनेकींची रोजची ड्यूटी. त्यातून एक कौशल्य तयार होतं: कोणाकडे आधी जायचं, हे मॉनिटर वाजायच्या आधी ओळखणं. ते लिहावं, पण तक्रारीच्या सुरात नको आणि शौर्यगाथाही नको. ‘तीन पेशंटमध्ये मी श्वासाचा वेग आणि लघवीचं प्रमाण दर तासाला स्वतः पाहत असे, कारण बीपी सर्वात शेवटी पडतं’ एवढं पुरे. जुन्या रुग्णालयाची उणीदुणी काढणारा परिच्छेद मात्र सरळ कापावा. उद्या ही आपल्याबद्दलही असंच लिहील, हा विचार वाचणाऱ्या मॅनेजरच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

गुप्ततेबद्दल आपण जरा ढिले असतो. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या आचारसंहितेत रुग्णाची माहिती गुप्त राखणं हे कर्तव्य आहे, आणि स्टेटमेंट त्यातून सुटत नाही. पेशंटचं नाव लिहू नये हे सगळ्यांना कळतं. पण ‘मागच्या दिवाळीत आमच्याकडे आलेला ३४ वर्षांचा मराठी शेफ’ असं लिहिलं तर छोट्या गावात नाव लिहिल्यासारखंच झालं. वर दिलेल्या प्रसंगात पेशंटचं वय नाही, महिना नाही, रुग्णालयाचं नाव नाही. आतड्याचं ऑपरेशन एवढंच आहे, कारण नॉरअॅड का लागलं हे समजायला तेवढं लागतं. दुर्मीळ आजार असेल तर प्रसंगच दुसरा निवडावा.

तयार स्टेटमेंट विकणारे आहेत, त्यांच्या वाट्याला जाऊ नये. सारखा मजकूर पकडणारं सॉफ्टवेअर विद्यापीठांकडे असतं, हे एक कारण झालंच. दुसरं कारण मला जास्त पटतं. बऱ्याच ठिकाणी पुढे मुलाखत होते आणि मुलाखतीत याच कागदावरून प्रश्न निघतात. ‘दुसरा पंप आधी किती वेळ चालू ठेवलास?’ असं कोणी विचारलं तर विकत घेतलेल्या परिच्छेदाला उत्तर येत नाही. ज्या मुलीने ते स्वतः केलंय तिचं इंग्रजी अडखळलं तरी उत्तर अडखळत नाही.

इंग्रजीवरून आठवलं. मोठाल्या शब्दांचा सोस टाळावा. तिकडचे हँडओव्हर अगदी साध्या वाक्यांत असतात: काय झालं, मागचा इतिहास काय, आत्ता काय दिसतंय, काय करायला हवं. स्टेटमेंटमधला प्रसंग याच क्रमाने लिहिला तर तो आपोआप सुटसुटीत होतो, आणि ज्या हाताने रोज हँडओव्हर दिला आहे त्याला तो परकाही वाटत नाही. जीएनएम झालेल्या, म्हणजे पदवी नसलेल्या सिस्टरांनी एक चौकशी जरूर करावी. बऱ्याच विद्यापीठांत हाच अभ्यासक्रम पदवीच्या पातळीवरही असतो. तिथून सुरुवात करता येते.

भारतातच राहून हे शिक्षण घेणाऱ्यांसाठीही वाट आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा रुग्णालयीन अनुभव लागतो, तो शक्यतो क्रिटिकल केअरमधला असावा. इथे लेखी स्टेटमेंटपेक्षा प्रवेशपरीक्षा आणि मुलाखतीला वजन असतं. पण ‘क्रिटिकल केअरच का?’ हा प्रश्न तिथेही समोर येतो, आणि ‘सेवेची आवड’ हे उत्तर तिथेही तितकंच पोकळ वाटतं.

मसुदा तयार झाला की तो इंग्रजीच्या शिक्षकाला दाखवायच्या आधी त्या ड्यूटीवर तुमच्यासोबत असलेल्या एखाद्या सिस्टरला वाचायला द्या. व्याकरण विचारू नका. ‘असंच झालं होतं ना?’ एवढंच विचारा. ती एखाद्या ओळीवर थांबली, तर ती ओळ बदला.